फाट्यावर ठेवलेली पेटी

मागच्या मे महिन्यात आमच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. दुपारचे अडीच वाजले असतील. पावसच्या पुढे रस्ता समुद्राकडे वळतो तिथे आमचा फाटा आहे. फाट्यावर पिंपळ, पिंपळाखाली टपरी आणि टपरीत शहाळी, वेफर्स, रिचार्ज असं सगळं मिळतं. टपरीवाला मला लहानपणापासून ओळखतो. लिंबू सरबताचा ग्लास हातात देता देता तो म्हणाला, "ताई, पेटी एक नंबर निघाली हां. पाच डझनांत एका फळात साका नाय." मी विचारलं, कसली पेटी? "तुमचे ते पावणे आले होते ना बाईकवरून, त्यांनी दिली. म्हणाले, गाडीवर नेता येत नाही, तुम्ही पोरांना द्या."

मी "हो हो" म्हटलं. एसटी आली, खिडकीशी जागा मिळाली, आणि रत्नागिरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. ह्याच बाईकवर मागे गॅसचा सिलिंडर बांधून तो माझ्या खोलीवर आला होता.

त्याच्या तीन आठवडे आधी तो पहिल्यांदा आमच्या घरी आला, तेव्हाची ती पेटी. दोन वर्षं आम्ही एकमेकांना ओळखत होतो. रत्नागिरीत मी कॉलेजच्या लायब्ररीत, तो एका बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर. जात वेगळी होती, ते पहिल्या महिन्यातच आडनावांवरून दोघांना कळलं होतं आणि त्यावर बोलूनही झालं होतं. घराबद्दल मात्र मी कधी फारसं बोलले नव्हते. लपवायचं म्हणून नाही. आमच्यात त्या घराबद्दल बोललं जातं ते फक्त गळतीबद्दल. पावसाच्या आधी कुठली कौलं बदलायची, कुठला वासा वाळवीने खाल्ला, खर्च कुठल्या काकांनी उचलायचा. त्याला दिसलं ते दुसरंच. चिऱ्याचा गडगा, गडग्याला लागून उतरत गेलेली कलमं, पाच पायऱ्या चढून ओटी, ओटीवर झोपाळा आणि भिंतीवर आजोबांच्या आजोबांचा फेटा घातलेला फोटो. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. पण अजूनही गावात पोस्टमनला पत्ता सांगताना 'खोताच्या घराशेजारी' असंच म्हणतात. तो शेजाऱ्याला घर विचारत आला, तेव्हा त्याला बोटाने दाखवलं गेलं ते खोताचं घर.

जेवताना तो नीट बोलला. आईने आमरस वाढला, त्याने दोनदा घेतला. बाबांशी पीककर्जावर बोलला. निघताना आईने मागच्या पडवीतून पेटी आणवली आणि म्हणाली, "आईंना दे घरी, आमच्याकडून." त्याने पेटी दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला आणि गेला. इतकंच. मी गडग्यापर्यंत सोडायला गेले होते. तो पेटीच्या फटीतून आत बघत होता, पेंढा सारून. मला वाटलं, आंबे बघतोय.

त्यानंतरचा बदल इतका बारीक होता की दुसऱ्याला सांगावा तर हसं व्हावं. फोन रोज यायचा. भेटायचाही. पण आधी 'डिसेंबरात बघूया' म्हणायचा, तो आता 'बघू' म्हणायला लागला. 'बघूया'मध्ये मी होते. 'बघू'मध्ये तो एकटा होता. हॉटेलात मी पैसे दिले तर दुसऱ्या दिवशी निम्मे पैसे मोबाईलवर यायचे, तेही सुट्ट्यापर्यंत, एकशे सदतीस रुपये. घरचा विषय काढला की ऐकायचा, पण काही विचारायचा नाही. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, आणि म्हणून भांडताही येत नव्हतं.

अशा वेळी अर्थ लावणारी माणसं मात्र भरपूर मिळतात. मैत्रीण म्हणाली, इगो दुखावलाय, पुरुष आहे, वेळ दे. मावशीला मी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं. ती म्हणाली, "गप्प राहून अंदाज घेतोय गो. घरावर डोळा आहे." चुलतभाऊ म्हणाला, कॉम्प्लेक्स. त्याने हा शब्द अशा सुरात उच्चारला की जणू डॉक्टरने निदान केलंय. तिघांच्या तीन अर्थांत एक गोष्ट सारखी होती. तिघांनीही गृहीत धरलं होतं की तो आमच्या घराकडे बघून थबकलाय. मीही तेच धरून चालले होते.

म्हणून मी जे केलं ते आता आठवलं की कान गरम होतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनात वाळूवर बसलो. आभाळ भरून आलेलं, समुद्र गढूळ, आणि सुरूच्या काड्या कपड्यांना चिकटत होत्या. मी त्याला समजावायला सुरुवात केली. म्हटलं, तू उगाच मनावर घेतोयस, आम्ही काही श्रीमंत नाही. घर मोठं दिसतं, पण सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यातली सात माणसं वारलेली, वारसनोंद नाही. दोन आत्या मुंबईत, एक काका नागपुरात, त्यांची मुलं आणखी कुठे. सगळ्यांच्या सह्या आल्याशिवाय सबंध बाग विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही. बाग आम्ही करतही नाही. मोहोर आला की व्यापारी येऊन झाडं बघतो, ठोक रक्कम ठरवतो, फवारणी, राखण, तोड सगळी त्याची. आलेले पैसे एकवीस ठिकाणी वाटले की आमच्या वाट्याला कौलांपुरते राहतात. बाबांची पेन्शन नसती तर घर केव्हाच बसलं असतं. हे सगळं खरंच होतं. एकही शब्द खोटा नव्हता.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "हे तू मला सांगतेयस? मी दिवसाला वीस सातबारे बघतो."

आणि थोड्या वेळाने, समुद्राकडे बघत, "एकवीस नावांचा सातबारा असणं आणि सातबाराच नसणं, ह्यात फरक आहे."

त्या संध्याकाळी त्याने मला त्याच्या घराबद्दल पहिल्यांदा नीट सांगितलं. घर त्यांचं आहे, त्याच्या वडिलांनी बांधलेलं. घराखालची जमीन त्यांची नाही. आजोबा एका सावकाराच्या जमिनीत नाचणी-वरी करायचे, तिथेच खोपटं बांधून राहिले. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला, ते कागदावर कूळ म्हणून ज्याची नोंद होती त्यालाच सहज मिळालं. आजोबांचा सगळा व्यवहार तोंडी. पावती नाही, पीकपाण्याला नाव नाही. तोंडच्या कुळाला सिद्ध करायला साक्षी लागतात, आणि साक्ष देणारे शेजारी त्याच सावकाराच्या जमिनीत राहणारे. घरपट्टी त्याच्या वडिलांच्या नावाने येते, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर आहे. पण घरपट्टीच्या पावतीने जमिनीची मालकी येत नाही. घरकुलासाठी अर्ज केला तर जागा नावावर मागतात. मागची भिंत पक्की करायला परवानगी काढायची तर जमीनमालकाचं संमतीपत्र लागतं. मालक वाईट माणूस नाही, मुंबईत असतो, फोन केला की 'गणपतीला आलो की सही देतो' म्हणतो. असे किती गणपती गेले ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं.

मी त्याला माझी गरिबी दाखवायला निघाले होते. कौलांचा खर्च, पेन्शन, एकवीस नावं. दुसऱ्याचा संकोच घालवायला आपली श्रीमंती कमी करून सांगणं हे प्रेमाचं वाटतं, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते कसं लागतं ते मला तेव्हा कळलं. ज्याच्याकडे आहे तोच 'काही नाही हो आमच्याकडे' म्हणू शकतो. त्याचा बाप हे वाक्य बोलला तर ती माहिती होते. मी बोलले तर तो विनय होतो. आणि विनयाचं उत्तर काय द्यायचं असतं? "तसं कसं, तसं कसं" म्हणायचं. तेवढंच त्याच्या वाट्याला मी ठेवलं होतं.

मग मी पेटीचं विचारलं. टपरीवाल्याने सांगितलं ते सांगितलं. तो बराच वेळ सुरूची काडी पेरापेराने तोडत राहिला. त्याची आई सीझनला पॅकिंगला जाते, हे मला ढोबळ माहीत होतं. 'आंब्याचं काम करते' इतकंच. ते काम काय असतं ते त्याने सांगितलं. मांगरात तोडीचा ढीग येतो. फळ झेल्याने देठासकट उतरवलेलं असतं, देठ निसटला तर चीक सांडतो आणि सालीवर काळा ओघळ पडतो, त्या पेटीचा भाव पडतो. बायका खाली बसून फळ निवडतात. डागी बाजूला, मग वजनाप्रमाणे, मग पेंढ्याचा थर, फळांचा थर. चीक हातावर येतोच. मनगटाच्या आतल्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यात कातडी भाजल्यासारखी होते, काळे ठिपके पडतात, ते दिवाळीपर्यंत जात नाहीत. दिवस संपला की हजेरी, आणि डागी फळं पिशवीत घालून घरी. "आमच्या घरात आंबा येतो तो तसा येतो," तो म्हणाला. "चाकूने डाग काढून. मी सबंध पेटी घेऊन गेलो असतो, खोताकडून दिलेली, आणि तिच्यासमोर ठेवली असती, तर तिने आधी काय बघितलं असतं, सांग?"

मी काही सांगू शकले नाही. फटीतून पेंढा सारून तो काय बघत होता ते मात्र मला आत्ता कळलं. भरणी बघत होता.

मला ह्याआधी एका संकोचाचा अनुभव होता. चार वर्षांपूर्वी मुंबईहून एक स्थळ आलं होतं. मुलगा, आई-वडील, एक मामा. मामांना घर फार आवडलं. ओटीवर उभे राहून फोटो काढले, विहिरीला बारमाही पाणी आहे का विचारलं, कलमं किती, रस्त्यापासून किती आत. चहा झाल्यावर मुलाच्या वडिलांनी हसत हसत विचारलं, "हे सगळं तुमच्या एकट्यांचंच ना?" बाबा सरळ माणूस. त्यांनी नावांची यादीच सांगितली. चहाच्या बशीवर कप ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो. "कळवतो" म्हणून गेले, आणि मग मध्यस्थांमार्फत पत्रिकेत काहीतरी निघालं. त्या दिवशी त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न मी मनात मोजले होते. नऊ प्रश्न, सगळे जागेबद्दल. मला एकच विचारला होता, पोहता येतं का.

त्या मापाने मी ह्याच्याकडे बघायला लागले. थबकलेला माणूस कशाबद्दल विचारतो, ते बघायचं. भाट्याहून परत आल्यावर त्याचे प्रश्न सुरू झाले, आणि ते सगळे अवघड होते. एकदा बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करून म्हणाला, "लग्न तुमच्या अंगणात करायचं म्हणतेस. माझी आई कुठे बसेल?" एकदा रात्री अकराला, "आई तुमच्याकडे आली तर कुठल्या दाराने येईल?" मी फटकन म्हटलं, पुढच्याच दाराने, हे काय विचारतोस. तो म्हणाला, "तू म्हणतेयस. ती स्वतः कुठल्या दाराकडे वळेल ते मी विचारतोय."

फोन ठेवल्यावर मला मागच्या पडवीतली फळी आठवली. तोडीच्या दिवसांत व्यापाऱ्याकडची माणसं खळ्यात बसतात, तेव्हा त्यांचा चहा मागच्या दाराने जातो. स्टीलचे आठ पेले, त्यांची वेगळी फळी. लहानपणापासून मी ते पेले बघतेय. कुणी कधी 'हे वेगळे' असं बोललेलं नाही. फक्त ते पुढच्या स्वयंपाकघरात कधी येत नाहीत. आईला विचारलं तर म्हणेल, अगं, मोठे आहेत, चहा जास्त मावतो. आणि खरंच मावतो.

तो 'बघू' म्हणत होता तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आमची कलमं नव्हती. त्याच्यापुढे ही फळी होती, न बघताच. आपल्या आईला आपण तिथे नेऊन उभं करतोय का, हा हिशेब तो करत होता, आणि त्या हिशेबात माझ्या बाजूची रक्कम त्याला ठाऊक नव्हती, कारण मलाच ठाऊक नव्हती. ह्याला न्यूनगंड म्हणायचा तर तो माझ्या चुलतभावाच्या सोयीचा शब्द आहे. तो शब्द वापरला की दुरुस्ती पलीकडच्यानेच करायची.

उलटंही पाहिलंय. कॉलेजातल्या एका मैत्रिणीला तिचा मित्र घर बघून आल्यावर म्हणाला, "मी तुला ह्या सुखात ठेवू शकणार नाही." किती गोड वाक्य. ती रडली, समजूत काढत राहिली सहा महिने. आता वाटतं, त्यात संकोच नव्हताच, निर्णय होता. तिला काय हवंय हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिला स्वतःच्या घरी तर कधीच नेलं नव्हतं. माझा मित्र चिडका प्रश्न विचारायचा, पैसे सुट्ट्यासकट परत करायचा, पण विचारायचा. तरी मला खात्री होती असं नाही. जुलैभर मला रोज वाटायचं की हे प्रश्न म्हणजे सुटकेची तयारी आहे. माणूस आपल्याला हवा तसा अर्थ वाचतो, आणि मला तो हवा होता.

गणपतीत त्याने घरी बोलावलं. दीड दिवसाचा गणपती त्यांच्याकडे, दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जनाच्या आधी ये म्हणाला. पाऊस उघडला होता. भात पोटरीला आलेलं, बांधावरून जाताना चप्पल चिखलात रुतली म्हणून हातात घेतली. घर खाली बुटकं, मातीच्या भिंती, पुढे पत्र्याची पडवी. माटवी रानफुलांनी आणि कवंडळांनी भरलेली. त्याच्या आईने मला एकुलत्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. मी उठून खाली बसले, तर तिने हाताला धरून पुन्हा बसवलं. पुन्हा उठले असते तर ते नाटक झालं असतं, म्हणून बसून राहिले, गुडघे जवळ घेऊन. माझ्याच संकोचाचा अर्थ त्या वेळी त्याने काय लावला असेल कोण जाणे. तो माटवीशी उभा राहून उगाच समईची वात सारखी करत होता.

मोदक आले, काळ्या वाटाण्याची उसळ आली. मी जेवत असताना काकी समोर बसून होत्या. मनगटाच्या आत ते ठिपके होते, आता फिकट, तीळ सांडल्यासारखे. एकदम म्हणाल्या, "तुमच्याकडची पेटी म्हणे ह्याने वाटेत कुणाला देऊन टाकलान."

तो माटवीकडे तोंड करून स्तब्ध. त्यानेच सांगितलं असणार तिला.

"हो," मी म्हटलं.

"आणायची नाय का? उघडून बघितली असती." मग जरा पुढे सरकून, "लाकडाची हुती का पुठ्ठ्याची?"

"लाकडाची."

"लाकडाची चांगली. पुठ्ठ्यात फळ घामेजतं." तिने माझ्या पानात आणखी एक मोदक ठेवला, तुपाची धार सोडली. "टपरीवाला बोलला म्हणे, साका नव्हता. साक्याचं भरणारणीच्या हातात नसतं, ते आतलं. पण दबलेलं नव्हतं ना एकपण?"

"नाही बोलला तसं."

"मग भरली चांगली हाय." तिने मान हलवली, ओळखीच्या माणसाच्या कामाबद्दल हलवावी तशी. "तुमच्याकडे भरायला कोण येतं गो बाय? खालच्या वाडीतल्या काय? आमच्यातल्या दोघी जातात त्या बाजूला."

मी मोदक खाली ठेवला. आठवून बघितलं. खळ्यात बसलेल्या बायका दिसत होत्या, डोक्याला टॉवेल बांधलेल्या, त्यांची पाठ दिसत होती, पेंढा दिसत होता, फळीवरचे पेले दिसत होते. एक नाव येईना.

"मला माहीत नाही, काकी."

त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो वळला होता, माझ्याकडे बघत होता. संध्याकाळी विसर्जनाला निघताना त्याने माझी चप्पल धुऊन पडवीत ठेवली होती. रात्री खोलीवर आल्यावर मी आईला फोन केला आणि विचारलं, आपल्याकडे पेट्या भरायला कोण येतं.

"बायका येतात ना," आई म्हणाली. "व्यापारी आणतो. का गं?"